कोपऱ्यातून एक रेघ : टॅबलेटचा पडदा टिपायचा कसा आणि त्यावर खुणा करायच्या कशा

फोनवरून पडदा समजावून सांगणं फार चिकाटीचं काम आहे. "वर उजवीकडे बघ. नाही, त्याच्या खाली. निळं बटण नाही, त्याच्या शेजारचा आकडा." दोन्ही बाजूंची माणसं शहाणी असतात, दोघांसमोर एकच कागद असतो, तरी पाच मिनिटांनंतर दोघं वेगवेगळ्या ओळीवर बोट ठेवून बसलेली असतात. अशा वेळी समोरच्याला बोट दाखवता आलं असतं, तर काम एका क्षणात झालं असतं.

टॅबलेटबरोबर पेन वापरत असाल, तर ही सोय तुमच्या हातातच आहे. पडद्यावर जे दिसतंय त्याचं चित्र पेनच्या एका हालचालीत टिपता येतं आणि त्याच पेनने लगेच त्यावर गोल, बाण, दोन शब्द काढता येतात. बटणं दाबायला पेन खाली ठेवावं लागत नाही, की फोटोंच्या अल्बममध्ये जाऊन चित्र शोधावं लागत नाही. ही हालचाल आयपॅड आणि ॲपल पेन्सिल या जोडीवर सर्वांत सुटसुटीत आहे, म्हणून इथे तीच सविस्तर पाहू.

हालचाल नेमकी कशी करायची

आयपॅड जसा धरला असेल, आडवा किंवा उभा, त्या स्थितीत पडद्याचा खालचा डावा कोपरा बघा. पेन्सिलचं टोक अगदी त्या कोपऱ्यावर, काचेच्या काठाला टेकवा आणि न उचलता तिरकं, पडद्याच्या मध्याकडे ओढत न्या. टोक पुढे सरकेल तसं पडद्याचं चित्र आक्रसत त्याच्या मागोमाग येताना दिसेल. पेन्सिल उचला. चित्र टिपलं गेलं आणि खुणा करायचं पानही उघडलं. खाली पेन, हायलायटर, पेन्सिल, खोडरबर, पट्टी अशी हत्यारं ओळीने मांडलेली दिसतील.

बटणं दाबून टिपलं की बऱ्याच आवृत्त्यांत चित्र आधी एका कोपऱ्यात छोटं होऊन बसतं. त्याला स्पर्श केला तर उघडतं, नाहीतर थोड्या वेळाने बाजूला सरकून अल्बममध्ये जातं. पेन्सिलने ओढल्यावर मात्र ते थेट खुणांसाठीच उघडतं. ज्याने पेन हातात घेतलंय त्याला काहीतरी लिहायचंच आहे, हे इथे गृहीत धरलेलं आहे.

ही सोय 2019 मध्ये आयपॅडओएस 13 बरोबर आली. तेव्हा खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून हेच घडायचं. 2021 च्या आयपॅडओएस 15 पासून उजव्या कोपऱ्याला वेगळं काम मिळालं. तिथून ओढलं तर झटपट टिपण लिहायची छोटी चौकट वर येते. त्यामुळे चित्र टिपायला गेलात आणि कोरं टिपण उघडलं, तर आयपॅड बिघडलेला नाही, कोपरा चुकलाय. कोणत्या कोपऱ्याने काय करायचं हे तुम्ही ठरवू शकता. `Settings` मध्ये `Apple Pencil` उघडा. तिथे `Left Corner Swipe` आणि `Right Corner Swipe` या दोन ओळी आहेत. प्रत्येकीला चित्र टिपणं, टिपण उघडणं किंवा काहीच न करणं, यांपैकी एक काम देता येतं. डावखुऱ्या माणसाला कदाचित ही अदलाबदल सोयीची वाटेल.

सुरुवातीला बऱ्याच जणांना ही हालचाल दगा देते आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं : टोक कोपऱ्यापासून थोडं आत टेकलेलं असतं. त्यावेळी लिहिण्याचं ॲप उघडं असेल, तर चित्र टिपलं न जाता कागदावर एक तिरकी रेघ उमटते. वेब पान असेल तर ते सरकतं. रेघ उमटली तर ती परत घ्या आणि टोक काचेच्या अगदी काठापासून सुरू करा. आयपॅडला जाड कड असलेलं कव्हर असेल, तर टोक कोपऱ्यात पोचतच नाही. कव्हर काढून एकदा करून बघितलं की दोष हाताचा आहे की कव्हराचा, ते कळतं.

दुसरं कारण पेनमध्येच असू शकतं. ॲपल पेन्सिलच्या टोकातून सूक्ष्म विद्युतसंकेत निघतो. पडदा तो ओळखतो आणि बोटाचा स्पर्श निराळा आहे हे त्याला कळतं. म्हणूनच लिहिताना तळहात काचेवर टेकला तरी शाईचे डाग पडत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या रबरी टोकाच्या साध्या पेनमधून असा कुठलाही संकेत येत नाही. आयपॅडच्या लेखी ते बोटच. त्या पेनने कोपऱ्यातून ओढलं तर बोटासाठी ठरवलेले नियम लागू होतात आणि ते `Settings` मध्ये वेगळ्या जागी असतात. पेन्सिल खरी असूनही काहीच घडत नसेल, तर आधी साध्या टिपणाच्या पानावर रेघ उमटते का बघा. उमटत नसेल, तर पेन्सिल उतरलेली आहे किंवा तिची जोडणी तुटली आहे.

एक बिल, एक आकडा

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. समजा, गावाकडच्या घराचं विजेचं बिल आयपॅडवर उघडलंय. मागचं रीडिंग 4512, चालू रीडिंग 4861, म्हणजे वापर 349 युनिट. घरात दोनच माणसं, एरवी दीडशेच्या आसपास बिल येतं. बिलावर मीटरचा छोटा फोटो छापलेला आहे. तो नीट पाहिला तर आकडा 4661 वाटतो. शतकाच्या जागी 6 आहे आणि बिलात 8 धरलाय. वापर खरं तर 149 युनिट असणार, 200 युनिट जास्तीचे लागलेत. हे गावातल्या धाकट्या भावाला दाखवायचं, म्हणजे तो बिल घेऊन वीज कार्यालयात जाईल.

पहिला मोह असा होतो की लगेच कोपऱ्यातून पेन्सिल ओढावी, संपूर्ण बिल टिपावं आणि मग मीटरच्या फोटोवर भिंग ठेवावं. खुणांच्या पानावर `+` दाबलं की भिंग मिळतं खरं. त्याच्या कडेवर दोन रंगीत ठिपके असतात. निळा ठिपका ओढला की भिंगाचा गोल लहानमोठा होतो, हिरवा ओढला की आतलं दृश्य कमीजास्त मोठं होतं. पण इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. टिपलेलं चित्र म्हणजे पडद्यावर त्या क्षणी जेवढे ठिपके होते तेवढेच. 11 इंची आयपॅड प्रोच्या जुन्या मॉडेलांवर ते 2388 गुणिले 1668 असतात. सबंध बिल पडद्यावर मावलेलं असताना मीटरच्या फोटोच्या वाट्याला त्यातले थोडेच आलेले असतात. भिंग तेच ठिपके फुगवून दाखवतं, नवा तपशील आणत नाही. 6 आणि 8 यांतला फरक अशा फुगवलेल्या चित्रात पुसटच राहतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी दोन बोटांनी बिल मोठं करा, मीटरचा फोटो आणि रीडिंगची ओळ दोन्ही एकत्र दिसतील एवढंच पडद्यावर ठेवा, आणि मग कोपऱ्यातून ओढा. मूळ बिलात फोटो जेवढा स्पष्ट असेल, तेवढा आता टिपलेल्या चित्रात उतरतो. भिंगाची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

यानंतर चित्राच्या कडा आत ओढून नको तो भाग छाटा. हे नीटनेटकेपणासाठी आहेच, त्याहून जास्त समोरच्याच्या फोनसाठी आहे. आडव्या धरलेल्या 11 इंची आयपॅडचा पडदा साधारण 23 सेंटिमीटर रुंद असतो. भाऊ हेच चित्र उभ्या धरलेल्या फोनवर बघणार, तिथे रुंदी जेमतेम 7 सेंटिमीटर. म्हणजे तुम्ही जे लिहिलं ते त्याच्यापर्यंत एक तृतीयांश होऊन पोचतं. तुम्हाला नीट वाचता आलेलं बारीक अक्षर तिथे मुंगीएवढं होतं. देवनागरीत तर अनुस्वार, रफार आणि मात्रा सगळ्यांत आधी हरवतात. चित्र जितकं छाटाल, तितकं उरलेलं फोनवर मोठं दिसतं. तरीही अक्षर नेहमीपेक्षा दुपटीने मोठं काढा आणि पेनची जाडी मधली किंवा तिच्याहून वरची घ्या. निवडलेल्या पेनवर परत एकदा टेकवलं की जाडी बदलायची सोय उघडते.

आता खुणा. मीटरच्या फोटोतल्या 6 भोवती एक लाल गोल. बिलातल्या 8 भोवती दुसरा. दोघांना जोडणारी एक रेघ आणि तिच्याजवळ दोन शब्द : "6 की 8?" एवढंच पुरे. गोल वेडावाकडा होत असेल, तर काढून झाल्यावर पेन्सिल न उचलता क्षणभर तिथेच थांबवा. आयपॅड त्याचा नीट आकार करून देतो. बाण, चौकोन, सरळ रेघ यांनाही हे लागू आहे. ही युक्ती 2020 च्या आयपॅडओएस 14 पासून आहे.

खुणा मोजक्या ठेवण्यामागे कारण आहे. पेन हातात असलं की हात थांबत नाही. पत्त्याखाली रेघ, रकमेभोवती चौकट, वर तारीख, बाजूला तीन उद्गारचिन्हं. बघणाऱ्याची नजर मग कुठेच ठरत नाही. सांगायच्या गोष्टी दोन असतील, तर दोन वेगळी चित्रं पाठवा. दुसरं टिपायला तेवढीच एक हालचाल लागते.

पडद्याबाहेरचं पान

कधीकधी जे दाखवायचंय ते एका पडद्यात मावत नाही. लांबलचक अर्ज, सोसायटीचं परिपत्रक, एखादा संपूर्ण लेख. त्यासाठी खुणांच्या पानावर वर `Screen` आणि `Full Page` असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की पडद्याखाली दडलेलं सगळं पान एका उभ्या पट्टीत येतं आणि वरखाली सरकवत हव्या त्या जागी खुणा करता येतात. सफारीतल्या पानांसाठी हा पर्याय मिळतो. बाकी ॲपचं तसं नाही. ज्या ॲपने आपलं पूर्ण पान देण्याची सोय केलेली नाही, तिथे तो दिसतच नाही.

पूर्ण पान हे मुळात पीडीएफ म्हणून जपलं जातं. आयपॅडओएस 17 पासून ते चित्र म्हणूनही जपता येतं. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पुढच्या मुद्द्यात तोच महत्त्वाचा ठरतो.

झाकलं म्हणजे दिसेनासं झालं का?

बिल भावाला पाठवताना लपवण्यासारखं काही नाही. पण तेच बिल सोसायटीच्या किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचं असेल, तर ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर आणि पत्ता झाकावे लागतील. इथे बहुतेक लोक काळा हायलायटर उचलतात, नंबरावरून दोनतीनदा फिरवतात आणि काम झालं असं समजतात.

हायलायटरची शाई मुळातच पारदर्शक असते, कारण तिच्याखालचं अक्षर वाचता यावं यासाठीच ती बनवलेली आहे. काळा रंग निवडला तरी तो स्वभाव बदलत नाही. डोळ्यांना पट्टी गच्च काळी दिसते, पण तिच्याखाली अक्षराचा काळा आणि कागदाचा काळा यांत बारीक फरक शिल्लक असतो. ज्याच्या हाती चित्र पडलं, त्याने फोटोच्या संपादनात जाऊन उजेड वाढवला, सावल्या उजळवल्या, की झिरझिरीत पडद्याआडून माणूस दिसावा तसा नंबर वर येतो. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, साध्या फोनमधल्या सोयी पुरतात. तुम्ही स्वतः करून पाहा : एखाद्या निरुपद्रवी चित्रावर काळा हायलायटर फिरवा, जपा आणि मग त्याचा उजेड पूर्ण वाढवा.

खात्रीचा मार्ग म्हणजे जे दाखवायचं नाही ते छाटून टाकणं. ते मधोमध असेल आणि छाटता येत नसेल, तर `+` मधून चौकोन घ्या, त्याला गच्च काळा रंग भरा आणि नंबरावर ठेवा. पेनने झाकायचं असेल, तर पेनची पारदर्शकता शून्य आहे, म्हणजे रंग पूर्ण गडद आहे, हे आधी बघा. नंबराच्या दोन्ही टोकांना थोडी जास्त जागा झाका. नुसता नंबर झाकला तर पट्टीच्या लांबीवरून आकडे किती ते कळतं आणि काठावर एखाद्या आकड्याची शेपटी डोकावते.

दुसरा धोका चित्राच्या आठवणीचा. आयपॅडवर फोटो ॲपमध्ये जपलेल्या चित्रातली छाटणी आणि खुणा मागे घेता येतात. मूळ चित्र आत सुखरूप ठेवलेलं असतं. तुमच्यासाठी ही सोय आहे. मात्र एअरड्रॉपने पाठवताना पर्यायांमध्ये `All Photos Data` चालू असेल, तर संपादनाचा इतिहासही सोबत जातो, आणि घेणाऱ्याला झाकलेलं उघडता येतं. यावर एक सोपा उपाय आहे. खुणा करून तयार झालेलं चित्र पडद्यावर पूर्ण उघडा आणि कोपऱ्यातून ओढून त्याचंच पुन्हा एकदा चित्र टिपा. या दुसऱ्या चित्राला कसलाही इतिहास नसतो. पडद्यावर जे दिसलं तेवढंच त्यात असतं. पाठवायचं ते हे दुसरं.

पीडीएफमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पीडीएफमधलं अक्षर बऱ्याचदा चित्र नसून खरं अक्षर असतं, बोटाने निवडून दुसरीकडे चिकटवता येणारं. त्यावर ठेवलेली काळी पट्टी ही वरची वेगळी वस्तू असते, आणि खालचा मजकूर तसाच राहू शकतो. झाकायचं काही असेल, तर पूर्ण पान पीडीएफ म्हणून पाठवू नका, चित्र म्हणून पाठवा.

छाटणीवरही किती भरवसा ठेवावा, याचा धडा 2023 च्या मार्चमध्ये जगाला मिळाला. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये खुणा करण्याचं जे साधन होतं, त्यात सायमन आरॉन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांना एक दोष सापडला. छाटलेलं छोटं चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलचा उरलेला शेवटचा भाग कापला जायचा नाही. त्यामुळे छाटलेलं वाटणारं चित्र पाठवलं, तरी मूळ चित्राचा काही भाग फाइलच्या शेपटीत दडून जायचा आणि तो परत उभा करता यायचा. पुढे विंडोजच्या चित्र टिपण्याच्या साधनातही तसाच दोष आढळला. दोन्ही दुरुस्त झाले. पण त्याआधी पाठवलेली चित्रं जिथे गेली होती तिथेच राहिली. टॅबलेटची आवृत्ती अद्ययावत ठेवणं आणि नाजूक माहितीच्या बाबतीत वर सांगितलेलं दुसरं चित्र पाठवणं, हे दोन्ही उपाय अशा वेळी कामी येतात.

सॅमसंगच्या पेनवर

पेनने पडदा टिपण्याची कल्पना ॲपलच्या आधीची आहे. सॅमसंगचा पहिला गॅलक्सी नोट 2011 मध्ये आला, तेव्हाच एस पेनचं बटण दाबून टोक पडद्यावर टेकवून धरलं की चित्र टिपलं जायचं. आज अनेक गॅलक्सी टॅबवर पेन पडद्याच्या किंचित वर धरून बटण दाबलं की एक छोटी यादी उघडते. त्यातला `Screen write` हा पर्याय सगळा पडदा टिपून त्यावर लिहायला देतो, आणि `Smart select` हवा तेवढाच तुकडा टिपतो. पेन काचेला न टेकताही टॅबला ते जाणवतं, कारण पडद्याखालची चकती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेन त्यावरच चालतं. म्हणूनच लिहिण्यासाठी एस पेनला बॅटरी लागत नाही.

अँड्रॉइडवर कधीकधी चित्र टिपायला गेलं की सुरक्षेच्या कारणाने टिपता येणार नाही, असा संदेश येतो. बँकांच्या ॲपमध्ये हे विशेष दिसतं. तो पेनचा दोष नाही, ॲपनेच आपलं पान टिपायला मनाई केलेली असते. आयपॅडवर सिनेमा दाखवणाऱ्या काही ॲपमध्ये चित्राच्या जागी नुसतं काळं उमटतं, तेही याच जातीचं बंधन आहे.

पाठवण्याआधी

काम संपल्यावर `Done` दाबलं की काही पर्याय येतात : फोटोंमध्ये जपा, फाइलमध्ये जपा, किंवा `Copy and Delete`. हा शेवटचा 2022 च्या आयपॅडओएस 16 पासून आहे आणि तो फार कामाचा आहे. चित्र पाठवण्यापुरतं हाताशी राहतं, जिथे पाठवायचं तिथे चिकटवता येतं आणि अल्बममध्ये त्याचा मागमूस राहत नाही. रोज अशी चारदोन चित्रं टिपणाऱ्याच्या अल्बममध्ये घरच्या फोटोंत बिलांची आणि तक्ररींची गर्दी होत नाही. शिवाय कुणाचा नंबर असलेलं चित्र विनाकारण साठून राहत नाही.

सगळा क्रम एका दमात सांगायचा तर असा : आधी हवं ते पडद्यावर मोठं करा, मग कोपऱ्यातून ओढा, छाटा, झाकायचं ते गच्च काळ्या चौकोनाने झाका आणि शेवटी एकाच गोष्टीकडे बोट दाखवा. चित्र गटात जाणार असेल, तर त्याचा उजेड एकदा पूर्ण वाढवून पाहा. झाकलेलं तुम्हाला वाचता आलं, तर ते गटातल्या प्रत्येकाला वाचता येईल.